चेक परत आला, हे ग्राहकाला कसे कळवावे

बँकेत भरलेला चेक न वटता परत येतो तेव्हा त्याच्यासोबत एक छोटा कागद येतो. बँकेच्या भाषेत तो रिटर्न मेमो. त्यावर चेकचा क्रमांक, रक्कम, परत आल्याची तारीख आणि परत येण्याचे कारण एवढेच छापलेले असते. ग्राहकाला काय कळवायचे, कोणत्या सुरात कळवायचे आणि कधीपर्यंत वाट पाहायची, हे सारे त्या कारणाच्या ओळीवर ठरते. व्यवहारात मात्र बहुतेक दुकानदार ती ओळ वाचण्याआधीच फोन उचलतात. मोबाइलवर बँकेचा संदेश येतो, खात्यात जमा दिसणारी रक्कम पुन्हा वजा झालेली दिसते, आणि रागाच्या भरात पहिले वाक्य निघून जाते, ‘अहो, तुमचा चेक बाउन्स झाला!’ पुढचे सगळे संभाषण मग त्या वाक्याची मलमपट्टी करण्यात जाते.

मेमोवरची कारणे बरीच असली तरी कळवण्याच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट तांत्रिक कारणांचा: सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी आहे, तारीख टाकायची राहिली आहे, चेकवर खाडाखोड आहे. चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याची पद्धत आल्यापासून खाडाखोडीचे नियम कडक झाले. पूर्वी चूक खोडून शेजारी सही केली की चालत असे. आता तारखेची दुरुस्ती वगळता नाव किंवा रक्कम बदललेला चेक, शेजारी सही असली तरी, परत येतो. अनेक जुन्या व्यापाऱ्यांच्या हे अजून अंगवळणी पडलेले नाही. मोठ्या रकमेच्या चेकबाबत आणखी एक कारण अलीकडे दिसते. चेक देणाऱ्याने त्याचा तपशील आधी आपल्या बँकेला कळवायचा असतो. ही ‘पॉझिटिव्ह पे’ पद्धत जानेवारी २०२१ पासून सुरू झाली आणि पाच लाखांपासून पुढच्या चेकना ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. तपशील कळवायचा राहिला, की खात्यात पैसे असूनही चेक परत येऊ शकतो.

दुसरा गट पैशांचा. ‘फंड्स इनसफिशियंट’ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, आणि ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेच्या बाहेर रक्कम गेली. दुसरा शेरा कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टचे खाते असलेल्या व्यापाऱ्यांच्या चेकवर येतो. तिसरा गट मुद्दाम केलेल्या कृतीचा: ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’, म्हणजे चेक देणाऱ्यानेच बँकेला पैसे देऊ नका असे कळवले, किंवा ‘अकाउंट क्लोज्ड’, खातेच बंद झाले आहे.

या तिन्हींना एकाच साच्यातले पत्र पाठवणे ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक. सही जुळली नाही म्हणून परत आलेल्या चेकवर गंभीर सुरात लिहिले तर ग्राहक दुखावतो, कारण त्याच्या खात्यात पैसे तयार होते. वयानुसार सही बदललेल्या माणसाच्या बाबतीत तर त्यालाही ते बँकेकडूनच कळते. उलट पेमेंट थांबवले असेल तर ‘कदाचित आपल्या लक्षात आले नसेल’ असे लिहिणे हास्यास्पद ठरते. लक्षात असल्याखेरीज कोणी पेमेंट थांबवत नाही. तिथे पहिला प्रश्न मालाविषयी हवा: माल कमी आला का, खराब निघाला का, बिलात काही फरक आहे का? पैसे मागण्याआधी ही चौकशी केली तर पुष्कळदा तक्रारच बाहेर येते. डब्यांना गळती होती, परतीच्या मालाचे क्रेडिट दिलेच नव्हते, असे काहीतरी. ती सोडवली की नवे पेमेंट मागण्यासाठी वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत.

फोन करण्याआधी स्वतःची बाजूही तपासावी लागते. चेक भरण्यापूर्वी काढलेला फोटो असेल तर तो पाहावा. तारीख होऊन तीन महिने उलटून गेले होते का? रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली आहे, आणि कपाटात पडून राहिलेला चेक मुदतबाह्य होणे हा घेणाऱ्याचा दोष आहे. ग्राहकाने ‘दहा तारखेनंतर भरा’ असे सांगितले असताना दुकानातल्या मुलाने तो सात तारखेला भरला, असे तर झाले नाही? कारण आपल्या बाजूचे निघाले तर कळवण्याची भाषाच बदलते. तिथे मागणीआधी दिलगिरी येते.

पुढचे विवेचन शिल्लक अपुरी असल्याच्या प्रकाराचे आहे, कारण सगळ्यांत जास्त अवघडलेपण तिथेच येते. एक कल्पित पण नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. कराडमधला रंगांचा एक घाऊक विक्रेता पाटण तालुक्यातल्या एका दुकानदाराला गेली काही वर्षे माल देतो. जूनमध्ये ४८,५०० रुपयांचे बिल झाले. दुकानदाराने ५ जुलै तारखेचा चेक दिला. विक्रेत्याने तो ७ जुलैला भरला आणि ८ जुलैला तो परत आला. मेमोवर कारण आहे शिल्लक अपुरी. विक्रेत्याच्या बँकेने परतीचे शुल्क १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ११८ रुपये त्याच्याच खात्यातून कापले. तिकडे दुकानदाराच्या बँकेनेही त्याच्याकडून दंड घेतला असणार, आणि तो सहसा याहून मोठा असतो.

या क्षणी विक्रेत्याला एकच गोष्ट ठाऊक आहे: त्या दिवशी त्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. का नव्हते, हे ठाऊक नाही. कर्जाचे हप्ते बहुधा महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास आपोआप वळते होतात. त्या हप्त्याने शिल्लक खाली आणलेली असू शकते. दुकानदाराने स्वतः भरलेला एखादा चेक वटायचा राहिला असेल, दोन खात्यांपैकी चुकीच्या खात्याचे चेकबुक हाती आले असेल, किंवा दुकानदार खरोखरच अडचणीत असेल. यांपैकी काय झाले ते मेमो सांगत नाही. म्हणून कळवणाऱ्यानेही ते सांगू नये. आरोप न वाटणारी भाषा म्हणजे नेमके हेच: मेमोवर जे लिहिले आहे तेवढेच बोलायचे आणि त्यामागचे कारण सांगायची जागा ग्राहकासाठी रिकामी ठेवायची.

ही जागा चांगल्या हेतूनेही भरू नये. व्यापारी पत्रांत ‘आपल्या नजरचुकीने’ असे लिहिण्याची जुनी रीत आहे. लिहिणाऱ्याला ते सौजन्य वाटते, पण वाचणाऱ्याला त्यात चूक त्याची असल्याचा निवाडा दिसतो. ‘बँकेत पैसे ठेवायचे राहून गेले असतील’ हे त्याहून वाईट. ‘तुमच्यावर विश्वास आहेच, पण’ अशी सुरुवात सगळ्यांत वाईट, कारण विश्वासाचा प्रश्न तोवर कोणी काढलेलाच नसतो. मराठी वाक्यरचना इथे मदतीला येते. ‘तुम्ही दिलेला चेक बाउन्स झाला’ याऐवजी ‘सात तारखेला भरलेला चेक बँकेतून परत आला’ असे म्हटले, की वाक्यात चेक आणि बँक उरतात, माणूस उरत नाही. पैशांच्या मागणीचे वाक्य मात्र इतके आडून बोलून चालत नाही.

पहिला संपर्क फोनने करावा आणि ज्याने चेकवर सही केली त्याच्याशीच बोलावे. दुकानातल्या कामगाराकडे निरोप ठेवणे, घरी बायकोला किंवा मुलाला सांगणे, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इशारा टाकणे, यांतले काहीही झाले की पुढचे शब्द कितीही गोड असले तरी उपयोग नसतो. लहान गावात परत आलेल्या चेकची बातमी म्हणजे माणसाच्या पतीची बातमी. शिवाय चार लोकांत कोणाला बुडव्या ठरवले तर बदनामीचा दावा उलट अंगावर येऊ शकतो. फोन शक्यतो मालकाने स्वतः करावा. वसुलीसाठी फिरणाऱ्या माणसाचा फोन आला की समोरचा आधीच सावध होतो. दुकान उघडण्याची गर्दी आणि संध्याकाळचा धंद्याचा वेळ टाळून दुपारचा वेळ निवडावा, कारण काउंटरवर गिऱ्हाईक उभे असताना कोणीही मोकळे बोलत नाही.

आपल्या उदाहरणातला संवाद साधारण असा होईल.

‘नमस्कार दादा, कराडहून बोलतोय. दोन मिनिटं मोकळे आहात का?’

‘हां, बोला की शेठ.’

‘सात तारखेला भरलेला अठ्ठेचाळीस हजार पाचशेचा चेक आज बँकेतून परत आलाय. मेमोवर शिल्लक कमी असं कारण दिलंय. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं.’

इथे थांबायचे. हा थांबा फार महत्त्वाचा आणि पाळायला फार अवघड. बोलणाऱ्याला शांतता सहन होत नाही आणि तो एकतर समोरच्याची बाजू स्वतःच मांडू लागतो किंवा आवाज चढवतो. दोन-चार सेकंद गप्प राहिले की समोरचा बोलतो.

‘अगं बाई! पाच तारखेला टेम्पोचा हप्ता गेला बघा. माझ्या ध्यानातच नाही राहिलं.’

‘होतं असं. मग आता कसं करूया? ऑनलाइन टाकणं सोयीचं पडेल का?’

‘टाकतो की. शुक्रवारपर्यंत टाकतो.’

‘शुक्रवार म्हणजे दहा तारीख. चालेल, तसं लिहून ठेवतो. बँकेचा तपशील व्हॉट्सअॅपवर पाठवतो, मेमोचा फोटोही जोडतो.’

या बोलण्यात मऊपणा आहे, पण ढिलेपणा नाही. रक्कम सांगितली, कारण सांगितले, पैसे कसे येणार ते ठरले आणि वाराचे रूपांतर तारखेत झाले. आरोप होऊ नये या भीतीने बरेच लोक शेवटच्या दोन गोष्टी सोडून देतात. ‘बघा, जमेल तसं द्या’ हे वाक्य कानाला गोड लागते, पण त्यातून आपण मुदतवाढ दिली असा अर्थ निघतो. महिनाभराने तोच ग्राहक प्रामाणिकपणे म्हणतो, ‘तुम्हीच तर म्हणालात, जमेल तसं द्या.’ ग्राहक तारीख सांगायला कचरत असेल तर त्याला दोन पर्याय द्यावेत: ‘या शुक्रवारी की पुढच्या सोमवारी?’ एकदम सगळी रक्कम जमत नसेल तर दोन हप्ते मागून घ्यावेत, पण दोन्हींच्या तारखा ठरवून.

फोननंतर तासाभरात लेखी संदेश जायला हवा. दीड महिन्याने आठवणी वेगळ्या होतात, म्हणून तो लागतो. शिवाय पाटणच्या दुकानदाराने हिशेब लिहिणाऱ्याला सांगायचे म्हटले तर त्याच्या हातात सगळे आकडे असायला हवेत. संदेश असा असू शकतो:

‘नमस्कार. आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे तपशील पाठवत आहे. जूनच्या बिलापोटी मिळालेला दि. ५ जुलैचा रु. ४८,५०० चा चेक (क्रमांक ……) ८ जुलैला बँकेतून परत आला. बँकेने दिलेले कारण: शिल्लक अपुरी. मेमोचा फोटो सोबत आहे. ठरल्याप्रमाणे ही रक्कम शुक्रवार, १० जुलैपर्यंत आमच्या खात्यात ऑनलाइन भरावी. खाते क्रमांक आणि आयएफएससी आमच्या बिलाच्या तळाशी छापले आहेत, तेच वापरावेत. रक्कम जमा झाली की मूळ चेक परत देऊ. काही अडचण असल्यास मला थेट फोन करावा.’

खाते क्रमांक बिलावरचाच वापरायला सांगण्यामागे कारण आहे. ‘चेक परत आला, या खात्यात पैसे भरा’ अशा मजकुराचे बनावट संदेश भामटेही पाठवू शकतात. आपल्याच बिलावर छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहता आले की ग्राहक निर्धास्त होतो. संदेश विक्रेत्याच्या नेहमीच्या मोबाइल क्रमांकावरूनच जावा. नव्या क्रमांकावरून गेला तर शंका घेणे हे ग्राहकाचे शहाणपणच आहे.

परतीच्या शुल्काचे ११८ रुपये मागावेत का? मागण्याचा हक्क आहे, विशेषतः बिलावर तशी अट छापलेली असेल तर. पण पहिल्या संदेशात ते मिसळले तर सगळा मजकूर दंडाच्या पावतीसारखा वाटतो. जुन्या ग्राहकाच्या बाबतीत, पहिल्याच वेळी, ते सोडून द्यावेत असेच बहुतेक अनुभवी व्यापारी मानतात. मागायचेच असतील तर स्वतंत्र ओळीत, बँकेच्या नोंदीच्या पुराव्यासह मागावेत आणि मूळ रकमेत कधीच बेरीज करून लिहू नयेत. बेरीज केलेला आकडा ग्राहकाच्या वहीतल्या कोणत्याच नोंदीशी जुळत नाही. त्याचे एक कायदेशीर कारणही आहे. ते पुढे येईल.

पैसे नव्याने कसे घ्यायचे याला तीन वाटा असतात: बँकेतून थेट हस्तांतरण, तोच चेक पुन्हा भरणे, किंवा नवा चेक. थेट हस्तांतरण सर्वांत सुटसुटीत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. यूपीआयची एरवीची मर्यादा दिवसाला एक लाख असल्याने ४८,५०० रुपये तिथूनही येतात. ‘बँक बंद होती’ ही सबब त्यामुळे फारशी उरलेली नाही. रोख घेण्याचा मोह टाळावा, आणि तो ग्राहकाच्याच हिताचा मुद्दा म्हणून सांगता येतो. व्यावसायिकाने एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली तर आयकरात तो खर्च सहसा मान्य होत नाही.

तोच चेक पुन्हा भरण्याची वाट ग्राहकाला सर्वांत कमी अवघडल्यासारखे करते. ‘शुक्रवारी खात्यात पैसे असतील, पुन्हा लावा’ असे तो म्हणाला की विषय संपतो. तीन महिन्यांच्या मुदतीत चेक पुन्हा भरता येतो. मात्र दुसऱ्यांदा भरण्याआधी त्या दिवशी सकाळी एक फोन करावा, कारण पुन्हा परत आला तर दोघांच्याही खात्यातून दंड जातो. मध्ये काही रक्कम ग्राहकाने दिली असेल तर संपूर्ण रकमेचा तोच चेक पुन्हा भरू नये. तेव्हा देणे चेकवरच्या रकमेपेक्षा कमी झालेले असते. अशा स्थितीत दिलेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच तो वापरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले. व्यवहारात त्यापेक्षा नवा चेक किंवा थेट हस्तांतरण घेणे सोपे.

नवा चेक घेताना जुना चेक लगेच परत देण्याची घाई करू नये. ग्राहकाने तो मागितला तर सरळ सांगावे: ‘नवा वटला की जुना आणून देतो.’ यात अविश्वास नाही. वाहनाचे कर्ज फिटल्याखेरीज बोजा उतरत नाही, त्यातलाच हा प्रकार. मूळ चेक आणि मूळ मेमो हीच विक्रेत्याच्या हातातली कागदपत्रे असतात आणि पैसे येईपर्यंत ती त्याच्याकडेच राहायला हवीत.

या सगळ्या सौजन्यामागे एक घड्याळ चालू असते आणि ते दुर्लक्षून चालत नाही. चलनक्षम दस्तऐवज कायदा १८८१ चा असला तरी चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ त्यात १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. २००२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १५ दिवसांचीच होती. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

आपल्या उदाहरणात मेमो ८ जुलैला मिळाला, म्हणजे नोटिशीची मुदत ७ ऑगस्टला संपते. गोड बोलण्यासाठी जागा आहे, पण अमर्याद नाही. पहिला फोन ८ जुलैला, ठरलेली तारीख १० जुलै. त्या तारखेला पैसे आले नाहीत तर शनिवार-रविवार सोडून सोमवारी, १३ जुलैला, दुसरा फोन. तोही न फळल्यास २० जुलैच्या सुमारास लेखी आठवण, आणि जुलै संपण्यापूर्वी वकिलाकडे कागद. असे वेळापत्रक वहीत लिहिलेले असले की बोलताना आवाज चढवावा लागत नाही. ज्याने तारखा ठरवलेल्या नसतात तोच तिसऱ्या फोनला चिडतो आणि पाच आठवडे उलटल्यावर नोटिशीची मुदत गेली म्हणून पुन्हा चिडतो. मुदत चुकली तरी चेकच्या तीन महिन्यांत तो पुन्हा भरून, पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालाने ही वाट मोकळी केली आहे. पण ती शेवटची सोय समजावी.

पहिल्या संदेशात कलम १३८ चा उल्लेख करू नये. त्याने पैसे लवकर येतात असा समज आहे. जो ग्राहक खरोखर अडचणीत आहे त्याच्याकडे धमकीने पैसे येत नाहीत, आणि ज्याचा निव्वळ हप्ता आडवा आला तो पुढच्या वेळी दुसऱ्याकडून माल उचलतो. शिवाय कायद्याने नोटिशीचा ठरावीक नमुना दिलेला नाही. लेखी असणे आणि चेकच्या रकमेची मागणी असणे हे तिचे गाभ्याचे घटक. त्यामुळे रागाच्या भरात पाठवलेल्या एखाद्या कडक पत्रालाच नोटीस मानायचे का, आणि तसे असेल तर पुढच्या मुदती कधीपासून मोजायच्या, असा वाद नंतर उभा राहू शकतो. म्हणून प्रकरण वकिलाकडे देताना आधीचे सगळे संदेश त्याला दाखवावेत. शुल्क वेगळे ठेवण्याचे कारणही इथलेच. नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट आणि स्वतंत्र मागितलेली हवी. व्याज, शुल्क आणि इतर बाकी एकत्र मिसळून एकच ढोबळ आकडा मागितला तर नोटीस टिकत नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे. पत्रव्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून ४८,५०० आणि ११८ हे आकडे वेगळे राहिले असतील तर ही गफलत होत नाही.

लेखी आठवणीची भाषा पहिल्या संदेशापेक्षा थोडी औपचारिक असावी, पण रचना तीच. ‘१० जुलैला येणारी रक्कम आज, २० जुलैपर्यंत जमा झालेली नाही. आपली काही अडचण असल्यास कळवावी, म्हणजे मार्ग काढता येईल. २५ जुलैपर्यंत रक्कम किंवा आपले उत्तर मिळावे. अन्यथा चेकसंबंधीची पुढील लेखी कार्यवाही मुदतीत करणे आम्हाला भाग पडेल.’ यात गुन्हा, फसवणूक, पोलीस असे शब्द नाहीत, पण पुढे काय होणार हे दडवलेलेही नाही. नोटीस अचानक टपालात पाहण्यापेक्षा ती येणार हे आधी कळणे ग्राहकालाही परवडते, आणि बरीच देणी याच टप्प्यावर फिटतात.

मधल्या काळात नव्या मालाचे काय, हा प्रश्न हमखास येतो. मालाची मागणी आली तर ‘आधीचे आल्याशिवाय माल नाही’ असे ताडकन म्हणण्यापेक्षा ‘हा माल रोखीवर नेता का? मागचा चेक मिटला की उधारी पूर्ववत करू’ असे म्हणता येते. नियम तोच असतो, पण त्यात परतीची वाट दिसते. एकाच ग्राहकाचा चेक सहा महिन्यांत दुसऱ्यांदा शिल्लक नाही म्हणून परत आला, तर मात्र पहिल्या वेळची भाषा पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. त्याची उधारीची मर्यादा कमी करणे किंवा पुढचे पेमेंट ऑनलाइनच घेणे हाच उपाय, आणि तो त्याला समोर बसवून सांगावा.

पैसे आल्यावरही थोडे काम उरते. चेक मिळाला तेव्हा खतावणीत दुकानदाराच्या नावे ४८,५०० जमा केलेले असतात. परत आल्यावर ती नोंद उलटवलेली असते. नवी रक्कम आली की नवी जमा करून त्याच दिवशी पावती पाठवावी आणि पावतीवर जुन्या चेकचा क्रमांक टाकून तो व्यवहार मिटल्याचे लिहावे. मूळ चेकवर आडवी रेघ मारून तो रद्द करावा, त्याचा फोटो काढून ठेवावा आणि मेमोची प्रत फाइलला लावून चेक ग्राहकाच्या हाती द्यावा. पोचल्याची सही पावतीच्या मागे घेतली की विक्रेत्याकडे मागणी करण्यासारखे काही राहत नाही, आणि ग्राहकाकडेही तो चेक पुन्हा कधी भरला जाईल अशी धास्ती राहत नाही.